फना, फिराक, यार: मसनवीतल्या आठ बैतांचं इंग्रजी करताना शब्द सपाट होऊ नयेत म्हणून काय काय करायचं

फारसी सूफी कवितेचं इंग्रजी करायला बसलेल्या मराठी माणसाची एक वेगळीच अडचण असते, आणि ती म्हणजे त्याला यातले निम्मे शब्द आधीच 'माहीत' असतात. शौक म्हणजे छंद, दोस्त म्हणजे मित्र, फरक म्हणजे डिफरन्स, पोक्त म्हणजे वयाने-समजुतीने मोठा, आणि फना तर आपण लाडवांचा फन्ना उडवतो तेव्हा रोजच वापरतो. हे सगळे शब्द फारसीतूनच आपल्याकडे आले पण येताना त्यांचा आतला अर्थ तिकडेच राहिला, आणि आपण डिक्शनरी न उघडताच पुढे जातो. मी फारसी शिकायला लागले ती पेशवाईतले कागद वाचता यावेत म्हणून, कविता नंतर आली, त्यामुळे ही चूक मी बरीच वर्षं केली आहे. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितेय.

सगळीकडची उदाहरणं घेण्यापेक्षा एकच उतारा घेऊ. मौलाना रूमी (१२०७ ते १२७३, कोन्या) यांच्या मसनवी या दीर्घ काव्याच्या पहिल्या दफ्तरात, म्हणजे भागात, एका दारावर थाप मारणाऱ्या माणसाची गोष्ट आहे, फक्त आठ बैत, म्हणजे सोळा ओळी. विरह, स्वतःचं नाहीसं होणं आणि प्रिय, तिन्ही त्यात आहेत, आणि गंमत अशी की या नाहीसं होण्यासाठीचा 'फना' हा शब्द त्यात एकदाही येत नाही. गोष्ट थोडक्यात अशी: एक जण मित्राचं दार ठोठावतो, आतून 'कोण?' आल्यावर 'मी' म्हणतो आणि परत पाठवला जातो, वर्षभर विरहात जळून पुन्हा येतो, या वेळी 'तूच' म्हणतो आणि आत घेतला जातो. ओळी आपल्या लिपीत अशा:

आन यकी आमद दर-ए-यारी बजद / गुफ्त यारश कीस्ती ऐ मोतमद
गुफ्त मन, गुफ्तश बरौ हंगाम नीस्त / बर चुनीन ख्वानी मकाम-ए-खाम नीस्त
खाम रा जुज आतिश-ए-हिज्र-ओ-फिराक / के पजद के वा रहानद अज निफाक
रफ्त आन मिस्कीन ओ साली दर सफर / दर फिराक-ए-दोस्त सोजीद अज शरर
पुख्ता गश्त आन सोख्ता पस बाज गश्त / बाज गिर्द-ए-खाना-ए-हमबाज गश्त
हल्का जद बर दर ब-सद तर्स ओ अदब / ता बनजहद बे-अदब लफ्जी जि लब
बांग जद यारश कि बर दर कीस्त आन / गुफ्त बर दर हम तुई ऐ दिलसितान
गुफ्त अकनून चून मनी ऐ मन दर आ / नीस्त गुंजाई दो मन रा दर सरा

आधी मूळ पाठ पक्का करा

हे कंटाळवाणं वाटतं पण टाळू नका. मसनवीचे पाठ एकसारखे नाहीत. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण पहिल्याच ओळीचं, जुन्या पाठात 'बिश्नौ ईन नै चून शिकायत मीकुनद' असं आहे आणि नंतर लोकांच्या तोंडी बसलं ते 'बिश्नौ अज नै चून हिकायत मीकुनद'. म्हणजे बासरी तक्रार करते की गोष्ट सांगते इथूनच फरक पडतो. कोन्याची १२७८ सालची हस्तलिखित प्रत मौलानांच्या निधनानंतर अवघ्या पाच वर्षांनी लिहिलेली आहे, आणि इंग्रज अभ्यासक निकल्सनने १९२५ ते १९४० या काळात मूळ पाठ, इंग्रजी भाषांतर आणि टीपा असं सगळं मिळून आठ खंडांत छापलं. तुम्ही कुठला पाठ धरलाय ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपल्या उताऱ्यातही पाचव्या बैतात कुठे 'हमबाज' आहे कुठे 'अनबाज'. अर्थ एकच, भागीदार, पण नाद वेगळा, कारण 'बाज गश्त' आणि 'हमबाज गश्त' असा खेळ तिथे चाललाय. ऑनलाइन वाचायचं तर ganjoor.net वर मसनवी पूर्ण आहे आणि तिथे शब्द शोधताही येतो, हे पुढे फार कामाला येईल.

गोष्टीच्या आधी काय आहे तेही वाचा. आधी सिंह, लांडगा आणि कोल्ह्याची शिकार आहे, त्यात लांडगा 'हे तुझं, हे माझं' अशी वाटणी करतो आणि सिंह त्याला फाडून टाकतो. त्याच्या पाठोपाठ ही दाराची गोष्ट येते. म्हणजे 'मी' हा शब्द तोंडातून निघणं किती धोक्याचं आहे हे वाचणाऱ्याला आधीच कळलेलं असतं, आणि भाषांतरकाराने फक्त हे आठ बैत उचलले तर ते कळत नाही. एवढं एका वाक्यात प्रस्तावनेत सांगून टाकायचं.

पहिला मसुदा मराठीत, शब्दाखाली शब्द

थेट इंग्रजीवर जाऊ नका. प्रत्येक फारसी शब्दाखाली मराठी शब्द लिहा, वाक्य नीट झालं नाही तरी चालेल. कारण मराठीत ज्या गोष्टी अजून जिवंत आहेत त्या इंग्रजीत नाहीत, आणि मराठीत लिहिलं की नेमकं काय हरवणार आहे ते समोर दिसतं. फारसी 'तू' आणि आपला 'तू' एकच, देवालाही तू, मित्रालाही तू. 'नीस्त' म्हणजे 'नाही', आपल्या संस्कृतातल्या 'नास्ति'चाच भाऊबंद. 'गुंजाई' म्हणजे आपली गुंजाईश. क्रियापद शेवटी. हे सगळं मराठीत आपोआप बसतं.

एक गोष्ट मात्र मराठीत बसत नाही आणि ती इथेच टिपून ठेवायची. फारसीत लिंग नाही. 'ऊ' म्हणजे तो, ती, ते सगळंच. 'गुफ्त' म्हणजे म्हणाला किंवा म्हणाली. आपण मराठीत 'म्हणाला' लिहिलं की निर्णय घेऊन मोकळे झालो, आणि तोच निर्णय नकळत इंग्रजीत 'ही' किंवा 'शी' होऊन जातो. मी पहिल्या मसुद्यात असा प्रत्येक शब्द पेन्सिलने गोल करते. या आठ बैतांत असे गोल भरपूर निघतात, आणि नंतर इंग्रजीत त्यातले बहुतेक टाळताही येतात कारण निम्मा उतारा संवाद आहे, संवादात 'आय' आणि 'यू' असतं, त्यांना लिंग नसतं. उरलेल्या जागी 'द फ्रेंड' असं नाम परत वापरायचं. थोडी पुनरुक्ती होते, होऊ द्या, 'ही' लिहून प्रिय व्यक्तीला दाढी चिकटवण्यापेक्षा किंवा मोठ्या अक्षरातल्या 'ही'ने तिला थेट आकाशात बसवण्यापेक्षा ती बरी.

प्रियाचे चार शब्द चारच राहू द्या

आता प्रियासाठी कोणते शब्द आलेत ते मोजा. यार, दोस्त, हमबाज, दिलसितान. आठ बैतांत चार वेगळे शब्द, आणि बहुतेक इंग्रजी भाषांतरांच्या सवयीप्रमाणे चारही ठिकाणी 'बिलव्हेड' लिहून टाकायचा मोह होतो. तसं केलं की गोष्टीचा चढ गेला.

चढ कसा आहे बघा. पहिल्या बैतात 'दर-ए-यारी' आहे, नुसतं 'दर-ए-यार' नाही. शेवटचा तो 'ई' म्हणजे फारसीत 'कोणी एक'. एका मित्राच्या दाराशी, कुठल्यातरी. म्हणजे व्याकरणच सांगतंय की इथे 'अ फ्रेंड' आहे, 'द फ्रेंड' नाही, आणि कॅपिटल एफ तर नाहीच नाही. ज्या भाषांतरात पहिल्याच ओळीत मोठा एफ येतो तिथे गुपित दारातच फुटलं, वाचणाऱ्याला कळलं की हा देव आहे, मग दार ठोठावणाऱ्याच्या चुकीला अर्थ उरत नाही. फारसी लिपीत मोठं अक्षर लहान अक्षर असा प्रकारच नाही, त्यामुळे कवीला ही लबाडी करायची सोयच नव्हती.

चौथ्या बैतात 'दोस्त' येतो, 'ई' शिवाय. वर्षभर विरहात जळल्यावर आता 'कोणी एक' राहिला नाही, आता तोच एक. इथे 'द फ्रेंड' लिहा, लहान एफनेच. आपल्याला 'दोस्त' म्हटलं की कट्ट्यावरचा दोस्त आठवतो पण सूफी फारसीत दोस्त हा परमेश्वरासाठीचा नेहमीचा, अगदी आदराचा शब्द आहे. मग यारला एक शब्द आणि दोस्तला दुसरा शब्द शोधायचा का? मी बराच काळ शोधत होते. इंग्रजीत त्या तोलाचे दोन साधे शब्द सापडत नाहीत, 'कम्पॅनियन' लांब पडतो आणि 'लव्हर' शरीराकडे झुकतो, म्हणून दोन्हीला 'फ्रेंड'च ठेवून फरक 'अ' आणि 'द' यांवर टाकला. तो मूळ व्याकरणातूनच आलाय म्हणून टिकतो.

हमबाज म्हणजे वाटेकरी, भागीदार. हा शब्द निवडून ठेवलेला आहे, कारण ईश्वराला फारसीत 'बे-अनबाज' म्हणतात, ज्याला भागीदार नाही असा. आणि इथे भाजून निघालेला माणूस भागीदाराच्या घराभोवती घुटमळतोय, म्हणजे अजून दोघे आहेत, अजून वाटणी आहे. लांडग्याची वाटणी आठवा. इंग्रजीत 'पार्टनर' आज वेगळ्याच अर्थाने बोलला जातो, म्हणून मी 'द वन ही शेअर्ड विथ' अशा वळणाने गेले होते, पण त्यात 'ही' परत घुसला. शेवटी 'द शेअरर्स हाऊस' ठेवलं, जरा खडबडीत आहे पण वाटणीचा अर्थ राहिला.

आणि दिलसितान. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून थांबून बघू. दिल म्हणजे हृदय, सितान हे 'सितांदन'वरून, म्हणजे घेणं, हातातून काढून घेणं, वसूल करणं. 'स्वीटहार्ट' लिहिलं की ते ग्रीटिंग कार्ड होतं. 'यू हू स्टोल माय हार्ट' छान वाटतं, माझ्या पहिल्या मसुद्यात तेच होतं, आणि आमच्या फारसीच्या बाईंनी त्यातल्या फक्त एका शब्दावर बोट ठेवलं, 'माय'वर. म्हणाल्या, "अगं, वर्षभर जळून त्याचा मी गेला, आणि तू तो परत आणून दारात उभा केलास." मूळात 'माझं' नाहीच. दिलसितान, हृदयं घेणारा, कोणाचं ते सांगितलेलं नाही कारण सांगायला कोणी उरलेलं नाही. त्यामुळे 'टेकर ऑफ हार्ट्स'. तेव्हापासून कुठल्याही सूफी ओळीचं इंग्रजी झालं की मी आधी त्यातले 'माय' आणि 'माईन' शोधते आणि मूळात ते आहेत का बघते. इंग्रजीला प्रत्येक नामापुढे मालक लागतो, हृदय म्हटलं की कुणाचं, डोळा म्हटलं की कुणाचा, आणि फारसी बहुतेक वेळा तो सांगत नाही.

विरहाचे शब्द दोन ढिगांत लावा

विरहाच्या शब्दांसाठी माझी पद्धत अशी. एका ढिगात 'लांब असणं' सांगणारे शब्द: फिराक, हिज्र, जुदाई. दुसऱ्या ढिगात 'ओढ' सांगणारे: शौक, इश्तियाक, तलब. पहिला ढीग परिस्थितीचा आहे, दुसरा हालचालीचा. इंग्रजीत 'लाँगिंग' हा शब्द फक्त दुसऱ्या ढिगाला लागतो, आणि तो सगळीकडे थापला की परिस्थिती गायब होऊन नुसती भावना उरते.

याची खूण पटवायला मसनवीचाच तिसरा बैत बघा: 'सीना ख्वाहम शरहा शरहा अज फिराक / ता बिगोयम शर्ह-ए-दर्द-ए-इश्तियाक'. फिराकने चिरून चिरून झालेली छाती हवी, म्हणजे इश्तियाकच्या वेदनेचा अर्थ उलगडून सांगेन. शरहा म्हणजे मांसाची चीर, शर्ह म्हणजे स्पष्टीकरण. चिरणारा आहे फिराक, दुखतं ते इश्तियाक. दोन्हीला 'लाँगिंग' लिहिलंत तर वाक्य स्वतःभोवती फिरत बसतं.

इश्तियाक आणि शौक यांच्यातही फरक आहे आणि तो कोणी आज काढलेला नाही. सूफी लेखक कुशैरीने अकराव्या शतकात आपल्या रिसाला या ग्रंथात त्याचे गुरू अबू अली दक्काक यांचं म्हणणं नोंदवलंय, की शौक भेट झाली की शांत होतो, इश्तियाक भेटीनंतरही जात नाही. म्हणजे इश्तियाक ही अशी ओढ आहे जी मिळाल्यानेही संपत नाही. इंग्रजीत याला सरळ शब्द नाही. 'यर्निंग' आणि 'लाँगिंग' दोन्ही मिळालं की संपतात. माझा उपाय असा की शौकला 'लाँगिंग' आणि इश्तियाकला 'क्रेव्हिंग'सारखा शब्द न देता 'द एक दॅट मीटिंग डझन्ट एंड', म्हणजे भेटीनेही न संपणारी कळ, अशी एकदा फोड करायची, पुस्तकात पहिल्यांदा येतो तिथे, आणि पुढे 'द एक' एवढंच. कवितेच्या ओळीत फोड बसत नसेल तर प्रस्तावनेत. मराठी वाचकाने इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची, आपला 'शौक' म्हणजे पानाचा शौक, गाण्याचा शौक. हा अर्थ डोक्यातून काढून टाकल्याशिवाय शौकचं इंग्रजी करू नका.

आता आपल्या उताऱ्यात दुसरा ढीग नाहीच. फक्त हिज्र आणि फिराक, आणि तेही आगीसोबत: 'आतिश-ए-हिज्र-ओ-फिराक'. हिज्रचं मूळ सोडून जाण्यात आहे, हिजरी सन ज्या हिजरतवरून आला त्याच धातूचा. फिराकचं मूळ वेगळं होण्यात, आपला 'फरक' त्याच धातूचा. म्हणजे सोडून दिलेला असणं आणि वेगळा असणं. 'द फायर ऑफ बीइंग लेफ्ट अँड बीइंग अपार्ट' असं मी केलं, लांब आहे पण दोन्ही राहिले आणि कोणी उसासे टाकत नाहीये. कारण इथे विरह ही भावना नाही, विरह ही चूल आहे. 'खाम' म्हणजे कच्चं, 'ख्वान' म्हणजे जेवणाची मांडलेली पंगत, 'पजद' म्हणजे शिजवतो, 'पुख्ता' म्हणजे शिजलेला. दारातून परत पाठवताना मित्र म्हणतो की या पंगतीत कच्च्याला जागा नाही. पुख्ताचंच मराठीत पोक्त झालं, त्यामुळे आपला हात आपोआप 'मॅच्युअर'कडे जातो, आणि 'मॅच्युअर' लिहिलं की चूल विझली. 'रॉ' आणि 'कुक्ड' ठेवा, साधे ठेवा. मसनवीच्या अठराव्या बैतातही हीच जोडी आहे, शिजलेल्याची अवस्था कच्च्याला कळत नाही म्हणून, तेव्हा तिथे जे शब्द वापराल तेच इथे. गंजूरवर शोधून अशा जोड्या कुठे कुठे येतात त्याची यादी आधीच करून ठेवली तर पुढे गोंधळ होत नाही.

याच बैतात शेवटी 'निफाक' आहे. डिक्शनरीत 'हिपॉक्रसी' मिळेल, स्टाइनगासमध्येही (१८९२ ची, ऑनलाइन मोफत बघता येते) त्याच दिशेचे अर्थ आहेत. पण 'हिपॉक्रसी' नीतीचा शब्द आहे, आणि इथे माणूस खोटारडा नाही, तो फक्त दोन आहे. मला 'डुप्लिसिटी' सापडला तेव्हा खूप आनंद झाला होता, कारण त्याच्या पोटात लॅटिनमधला 'दुप्पट' आहे, आणि शेवटच्या ओळीत 'दोन मी' येतात त्याची चाहूल इथेच लागते. फिराक-निफाक हा यमक मात्र गेला तो गेलाच. यमकासाठी मी झगडत नाही, कारण यमक जुळवायला इंग्रजीत भरीचे शब्द घालावे लागतात आणि ते नेहमी 'सोल', 'डिव्हाइन', 'एटर्नल' असेच निघतात.

फना: शब्द नाही तिथे घालू नका, आहे तिथे व्याकरण बघा

आपल्या उताऱ्यात फना घडतो, पण शब्द नाही. खूप भाषांतरकार टीपेत किंवा थेट ओळीत 'अ‍ॅनिहिलेशन' घालतात. नका घालू. जो माणूस दाराबाहेर 'मी' म्हणाला तोच वर्षाने 'तूच' म्हणतो, एवढ्यात सगळं आहे.

पण दुसरीकडे, गद्यात किंवा फारसी कवी अत्तारच्या काव्यातल्या सात दऱ्यांपैकी शेवटच्या 'फक्र ओ फना'च्या दरीत, शब्द येणारच, म्हणून तो कसा हाताळायचा ते सांगते. 'अ‍ॅनिहिलेशन'मध्ये दोन गडबडी आहेत. एक, त्यात 'निहिल' आहे, शून्य, म्हणजे माणूस उरतच नाही असं वाटतं. दुसरी जास्त बारीक, इंग्रजीत 'अ‍ॅनिहिलेट' हे सकर्मक क्रियापद आहे, कोणीतरी कोणाला तरी नष्ट करतं. अरबीतलं मूळ क्रियापद अकर्मक आहे, सरून जाणं, संपणं. कुराणाच्या ५५ व्या सुऱ्यातल्या २६ आणि २७ या आयतींत 'फान' आणि 'यब्का' पाठोपाठ येतात, पृथ्वीवरचं सगळं सरणारं आहे आणि तुझ्या प्रभूचं मुख उरतं, आणि सूफींची फना-बका ही जोडी याच दोन शब्दांवर उभी आहे. म्हणून फनाला जो शब्द द्याल त्याला बकाचा शब्द जोडीने शोभला पाहिजे. 'पासिंग अवे' आणि 'रिमेनिंग' ही जोडी मला सगळ्यात बरी वाटते. नुसतं 'पासिंग अवे' म्हणजे इंग्रजीत सभ्यपणे 'वारले', तेव्हा ते एकटं कधी सोडायचं नाही. त्याला शब्दयोगी जोडायचा, जसा मूळातही असतो: फना कशापासून, बका कशाच्या योगाने. 'पासिंग अवे फ्रॉम', 'रिमेनिंग थ्रू'. एवढ्या दोन छोट्या शब्दांनी मृत्यूचा वास जातो.

शून्य होणं का नाही, यावर हुजवीरीचं मत वाचण्यासारखं आहे. हा सूफी लेखक गझनीचा, अकराव्या शतकातला, त्याची कबर लाहोरला. त्याच्या कश्फ-उल-महजूबमध्ये तो म्हणतो की फना म्हणजे माणसाचं सत्त्वच नष्ट होणं असं समजणारे चुकतात, आणि याच विषयावर हिंदुस्तानात एका विद्वानाशी आपला वाद झाला होता असंही सांगतो. त्याचा दाखला लोखंडाचा आहे: आगीत घातलेलं लोखंड आगीचा गुण घेतं, पण लोखंड आग होत नाही. मी हा दाखला टेबलासमोर चिकटवून ठेवलाय. कुठलाही इंग्रजी पर्याय सुचला की विचारायचं, यात लोखंड उरतंय का? 'एक्स्टिंक्शन', नाही, आणि शिवाय डायनासोर आठवतात. 'मर्जिंग', 'युनियन विथ द अ‍ॅब्सोल्यूट', इथे लोखंड आगीत वितळून आगच झालं, आणि हे शब्द आपल्याकडच्या अद्वैताच्या इंग्रजी पुस्तकांतून येतात. आपल्या संतांचा 'मीतूपण' हा शब्द कान तयार व्हायला छान आहे, ऐकून ठेवावा, पण भाषांतरात अद्वैताची परिभाषा ओतली की हुजवीरी ज्या वादात उभा होता त्यात आपण विरुद्ध बाजूला जाऊन बसतो.

फारसीचा स्वतःचा शब्द 'नीस्ती', नाही-पण, 'हस्ती'च्या उलट. त्याला 'नॉन-एक्झिस्टन्स' लिहिलं की तत्त्वज्ञानाचा पेपर होतो. शक्य तिथे क्रियापद वापरा, 'इज नॉट'. आपल्या शेवटच्या ओळीची सुरुवातच 'नीस्त'ने होते, 'नाही जागा', आणि इंग्रजीत 'देअर इज नॉट रूम' असं लिहिलं की तो 'नाही' ओळीच्या सुरुवातीजवळ राहतो.

दाराशी काय उत्तर द्यायचं

आता शेवटचे दोन बैत. सातव्यात 'बर दर हम तुई'. यातला 'हम' म्हणजे 'सुद्धा'. 'इट इज यू अ‍ॅट द डोअर' असं भाषांतर अर्थाने चूक नाही, पण 'सुद्धा' गेला. आत तू आहेस हे ठरलेलंच, दाराबाहेरही तूच, असं तो म्हणतोय. 'अ‍ॅट द डोअर टू इट इज यू'. एवढासा शब्द, पण त्याशिवाय उत्तर म्हणजे नुसतं गोड बोलणं होतं.

आठव्यात 'चून मनी ऐ मन दर आ', आता तू मीच आहेस, तेव्हा ये रे मी, आत ये. इथे निकल्सनने 'ओ मायसेल्फ' केलंय. मला ते पटत नाही, कारण इंग्रजी सूफी वाङ्मयात 'सेल्फ' हा शब्द 'नफ्स'साठी, म्हणजे ज्याला मारायचं त्याच्यासाठी, खर्च झालाय. मग 'आय' की 'मी'? दार ठोठावल्यावर इंग्रज माणूस 'इट्स मी' म्हणतो, 'इट इज आय' कोणी म्हणत नाही. आणि पहिल्यांदा जे उत्तर दिलं तोच शब्द शेवटी आतून यायला हवा, नाहीतर गोष्ट वर्तुळ पूर्ण करत नाही. म्हणून दुसऱ्या बैतात 'मी', आठव्यात 'मी'. (इंग्रजीचा हा शब्द देवनागरीत लिहिला की आपला मीच होतो, त्यामुळे माझी वही वाचायला मजा येते.) सध्याचा मसुदा असा आहे:

'मी.' 'गो, इट इज नॉट टाइम. अ‍ॅट धिस टेबल देअर इज नो प्लेस फॉर द रॉ.'
...
'हू इज अ‍ॅट द डोअर?' 'अ‍ॅट द डोअर टू इट इज यू, टेकर ऑफ हार्ट्स.'
'नाऊ दॅट यू आर मी, कम इन, मी. देअर इज नॉट रूम इन द हाऊस फॉर टू ऑफ मी.'

तपासणी

दोन तपासण्या करते. पहिली, इंग्रजी मसुदा फारसी न येणाऱ्या कोणाला द्यायचा आणि पहिले तीन बैत झाल्यावर थांबवून विचारायचं, दाराआड कोण आहे? लगेच 'देव' म्हणाले किंवा लगेच 'गर्लफ्रेंड' म्हणाले तर कुठेतरी झुकलंय, परत बघा, बहुतेक वेळा एखादं मोठं अक्षर किंवा एखादं विशेषण असतं. 'कोणीतरी, पण महत्त्वाचं' असं उत्तर आलं की बरोबर.

दुसरी, तो मसुदा कोणाकडून तरी मराठीत परत करून घ्यायचा. मराठीत 'म्हणाला' की 'म्हणाली' हे ठरवावंच लागतं, त्यामुळे करणारा जिथे न अडखळता 'म्हणाला' लिहितो तिथे तुमच्या इंग्रजीने लिंग आधीच सांगून टाकलंय. जिथे तो पेन थांबवून तुम्हाला विचारतो, "अगं हा तो आहे का ती?", तिथे काम झालंय. माझ्या मागच्या मसुद्यात माझी बहीण पाचव्या बैतापाशी अशी थांबली, आणि सातव्यापाशी थांबली नाही. सातव्यात मी 'हिज फ्रेंड कॉल्ड' लिहिलं होतं. ते 'द फ्रेंड कॉल्ड' केलं.

आता पुढचा बैत घेतलाय, सुई-दोऱ्याचा: 'नीस्त सोजन रा सर-ए-रिश्ता दोता / चूंकि यकताई दरीन सोजन दर आ'. दोन टोकांचा दोरा सुईत जात नाही, तू एकेरी आहेस, तेव्हा ये या सुईत. दोरा नष्ट होत नाही, पीळ देऊन एक होतो, म्हणजे हुजवीरीचं लोखंडच पुन्हा. 'यकता'ला 'युनिक' नको, 'वन' नको, मी 'सिंगल-थ्रेडेड' आणि 'ट्विस्टेड टू वन' यांच्यात अडकलेय. 'दर आ' मात्र ठरलंय, दारात 'कम इन' होतं, सुईतही 'कम इन'च राहील.